हजची बचत आणि घराचे आढे



एप्रिलमधील एका जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या कोकणातील मोहल्ल्याचे एक वयस्कर गृहस्थ मशिदीत माझ्यापाशी येऊन बसले. घर चिऱ्याचे, छप्पर कौलारू, आणि मागच्या खणाचे आढे वाळवीने पोखरलेले. सुताराने स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला, तेव्हा तो लाकडात लोण्यात शिरावा तसा शिरला. मृगाच्या आत काम झाले नाही, तर पावसाच्या भाराने आढे खाली येईल, असे सुताराने सांगितले होते. त्या आढ्याखालच्या खोलीत नातवंडे झोपतात. दुरुस्तीचा अंदाज 3,20,000 रुपयांचा. बँकेतील खात्यात 3,00,000 रुपये होते. पण ते पती-पत्नीने नऊ वर्षे पोटाला चिमटा घेऊन हजसाठी साठवलेले. दुसरीकडे बँक वैयक्तिक कर्ज द्यायला तयार होती. त्यांनी विचारले, "मौलाना, हजचे पैसे मोडणे मोठा गुन्हा, की व्याजाचे कर्ज घेणे?"

मी तत्काळ उत्तर दिले : "व्याज हराम आहे, चाचा. बचत वापरा." ते मान हलवून निघून गेले. उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. ते पैसे कोणाचे, त्यातले किती लागणार, आणि हजच्या नावाने ठेवलेल्या रकमेचा शरीअतमध्ये दर्जा काय, यांपैकी एकही गोष्ट मी विचारली नव्हती. दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्या बैठकीत जे उलगडत गेले, ते त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने आपल्यापुढे ठेवतो. कारण हा प्रश्न पावसाळ्याच्या तोंडाशी पुष्कळ घरांत उभा राहतो.

प्रथम हजविषयी. त्या घरातील माउलींच्या मनात एक भीती घर करून होती : अल्लाहच्या घरासाठी ठेवलेला पैसा आपल्या घराला लावला, तर तो अल्लाहशी केलेला वचनभंग ठरेल. ही भीती ईमानातून आलेली आहे, म्हणून तिचा आदर करायला हवा. परंतु शरीअतने नियत आणि नज्र यांत भेद केला आहे. नज्र म्हणजे मुखाने उच्चारलेला नवस. तो बंधनकारक असतो. मनात हजचा इरादा धरून पैसा बाजूला टाकणे ही नियत आहे. ती नेक आहे, तिचे पुण्य अल्लाहपाशी आहे. पण तिच्यामुळे तो पैसा वक्फ होत नाही. तो मालकाच्या मालकीचाच राहतो. मी त्यांना विचारले, "आपण कधी तोंडाने नवस बोलला होता का?" दोघांनीही नाही म्हटले. नवस असता, तर त्याचा निवाडा मुफ्तींकडे वेगळा विचारावा लागला असता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दिव्य कुरआनने सूरह आलि इमरानच्या 97व्या आयतीत हजचे कर्तव्य तेथवर पोहोचण्याचे सामर्थ्य असणाऱ्यावर ठेवले आहे. हे सामर्थ्य कशाला म्हणावे, याची चर्चा आपल्या फकीहांनी बारकाईने केली आहे. कोकणातील आपण बहुसंख्य शाफई. आपल्या मजहबचे मोठे इमाम नववी यांनी 'मिनहाजुत्तालिबीन'मध्ये सांगितलेल्या अटींचा आशय असा, की हजचा पैसा माणसाच्या कर्जाहून, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या खर्चाहून आणि त्याला साजेशा निवासाहून शिल्लक उरलेला असावा. हनफी मजहबच्या 'दुर्रे मुख्तार'मध्ये तर घरासोबत घराच्या दुरुस्तीचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे मोडकळीस आलेले आढे ही हजच्या वाटेतील अडचण नव्हे. ते हजच्या आधीचे कर्तव्य आहे, आणि त्यावर खर्च होणारा पैसा हजच्या सामर्थ्यात मुळी मोजलाच जात नाही.

आता याच्या उलट बाजूने पाहा. समजा त्यांनी हजची रक्कम जपून ठेवली आणि दुरुस्तीसाठी कर्ज काढले. मग ते हजला पात्र राहतील काय? नाही. कारण त्याच अटीत पहिला शब्द कर्जाचा आहे. डोक्यावर जेवढे कर्ज, तेवढी रक्कम त्या बचतीतून वजा धरली जाते. हप्ते पुढच्या वर्षांत भरायचे असले तरीही. हजची बचत वाचवण्यासाठी घेतलेले कर्ज हज वाचवत नाही. पासबुकावरचा आकडा तेवढा तसाच दिसत राहतो आणि माणसाला समाधान वाटते, की आपले हजचे पैसे शाबूत आहेत. हे समाधान खोटे आहे, आणि त्याची किंमत व्याजाने मोजावी लागते.

ती किंमत किती, हे आम्ही वहीत मांडून पाहिले. मात्र त्याआधी अंदाजपत्रकच नीट वाचणे भाग होते. घाईच्या वेळी आपण एक चूक हमखास करतो : जे तातडीचे आहे त्याच्या आडोशाने जे हौसेचे आहे तेही आत शिरते. 3,20,000 रुपयांच्या त्या अंदाजात मागच्या खणाचे आढे, वासे आणि रिपा बदलणे, कौले उतरवून पुन्हा चढवणे आणि मजुरी यांचे 1,55,000 रुपये होते. वाशांच्या टोकांखालचे निखळलेले चिरे बसवणे आणि भिजलेली वायरिंग बदलणे यांचे 25,000. उरलेल्यात पुढच्या पडवीवर पत्र्याची शेड 70,000, नवी फरशी 45,000 आणि रंगकाम 25,000. शेड, फरशी आणि रंग यांवाचून एक पावसाळा काय, पाच पावसाळे काढता येतात. तातडीचे काम 1,80,000 रुपयांचे निघाले.

तातडी ओळखावी कशी? छताला पाण्याचा डाग पडला, एवढ्याने ती सिद्ध होत नाही; कित्येकदा एखादे कौल फुटलेले किंवा सरकलेले असते, आणि ते बदलले की काम भागते. पण आढ्याला मधोमध बाक आला असेल, बाहेरून पाहता कौलांची ओळ वाकलेली दिसत असेल, लाकडावर ठोकले असता पोकळ आवाज येत असेल, खाली मातकट भुसा पडत असेल, किंवा वासे जेथे भिंतीवर टेकतात तेथे भेग रुंदावत असेल, तर विलंब करू नये. या घरात यांतील चार खुणा होत्या. मी सुचवले, की ज्याला काम मिळणार नाही अशा दुसऱ्या एखाद्या सुताराला लाकूड दाखवावे. त्यानेही तेच सांगितले. शरीअतचा एक सर्वमान्य नियम आहे, की निकड जेवढी, सवलत तेवढीच. हा नियम हरामच्या सवलतीसाठी सांगितला जातो; पण घरातली बचत खर्च करतानाही तो पाळावा, असे मला वाटते. नऊ वर्षांच्या घामाचा पैसा फरशीच्या चकाकीसाठी मोडायचा नव्हता.

मग कर्जाचा हिशेब. 1,80,000 रुपये, तीन वर्षांची मुदत, घटत्या शिलकीवर वार्षिक 14 टक्के व्याज. महिन्याचा हप्ता सुमारे 6,152 रुपये. छत्तीस महिन्यांत परतफेड सुमारे 2,21,500 रुपये, म्हणजे व्याज 41,500 रुपयांच्या घरात. शिवाय दोन टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील 18 टक्के जीएसटी मिळून 4,248 रुपये सुरुवातीलाच कापले जाणार. हातात 1,75,752 पडणार आणि हप्ते मात्र पूर्ण 1,80,000 वर. एका खासगी वित्तसंस्थेच्या माणसाने त्यांना "फक्त दहा टक्के" असेही सांगितले होते. तो दर 'फ्लॅट' होता, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज चालू. त्याचा हप्ता 6,500 रुपये येत होता; घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर जवळपास 18 टक्के. दहा हा आकडा चौदापेक्षा लहान दिसतो, इतकेच.

यावर चाचांनी जे म्हटले, ते मला फार प्रामाणिक वाटले. "मौलाना, हप्ता डोक्यावर असला की माणूस भरतो. बचत एकदा मोडली की पुन्हा भरत नाही. नऊ वर्षे लागली आम्हाला." बहुतेक घरांत कर्जाचा कल खरे तर येथून सुरू होतो. आपल्याला बँकेवर विश्वास असतो. स्वतःच्या निश्चयावर नसतो. मी म्हणालो, "आपण दरमहा 6,152 रुपये भरू शकता ना? मग तेच पैसे बँकेला न देता स्वतःच्या खात्यात टाका." त्या गतीने 1,80,000 रुपये तीस महिन्यांत परत जमा होतात. छत्तीस महिने पूर्ण होतील तेव्हा वर सुमारे 41,000 रुपये अधिक साठलेले असतील. तेच, जे व्याजात गेले असते. पगार ज्या खात्यात येतो, तेथून ठरलेल्या तारखेला रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला देता येते. निश्चय दुर्बल असेल, तर त्याला असा टेकू द्यावा. त्या दुर्बलतेपोटी हरामचा दरवाजा ठोठावू नये. आणि व्याज देणे म्हणजे केवळ नुकसान सोसणे, असेही समजू नका. सही मुस्लिममधील हदीसनुसार आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी व्याज घेणारा, ते देणारा, त्याची नोंद करणारा आणि त्याचे साक्षीदार या सर्वांचा धिक्कार केला आहे.

येथवर सर्व सोपे वाटत होते. तेव्हा मी तो प्रश्न विचारला, जो मी मशिदीत विचारायला हवा होता : "खात्यातले तीन लाख कोणाचे आहेत?"

चाचा थोडे थांबले. मग कळले, की त्यांतील 40,000 रुपये त्यांच्या विधवा बहिणीने सांभाळायला दिलेले आहेत. 60,000 रुपये त्यांच्या पत्नीने शिवणकामातून साठवलेले आहेत. म्हणजे त्यांची स्वतःची रक्कम 2,00,000. एक खाते आणि एक पासबुक असल्याने तीन मालकांचा पैसा एकाच आकड्यात विरघळला होता, आणि घरातला कर्ता तो सगळा आपला समजू लागला होता. बंधू-भगिनींनो, 'बचत वापरा' असे म्हणताना येथे जपायला हवे. व्याज टाळण्याच्या चांगल्या हेतूने माणूस दुसऱ्याच्या हक्काला हात घालू शकतो, आणि आपण पुण्य करीत आहोत, असेही त्याला वाटू शकते.

बहिणीचे 40,000 ही अमानत. तिला हात लावता येत नाही. परवानगी घेतली तर ती रक्कम अमानत न राहता कर्ज होते, आणि तेही जायज आहे. पण जी बहीण भावाच्या आधाराने राहते, ती भावाला नाही कसे म्हणणार? जी परवानगी नाकारता येत नाही, ती परवानगी कसली? मी त्यांना ती रक्कम हिशेबातूनच वगळायला सांगितले. पत्नीच्या पैशाचेही तसेच आहे. स्त्रियांची कमाई स्त्रियांच्या वाट्याची आहे, असे सूरह निसाच्या 32व्या आयतीत आले आहे. आणि कुटुंबाला निवारा देणे हे कर्तव्य पतीचे आहे. माउलींनी चटकन म्हटले, "माझे काय नि त्यांचे काय!" हे प्रेमाचे शब्द होते. तरी मी विनंती केली, की आज उत्तर देऊ नका. रात्री विचार करा, आणि द्यावेसे वाटले तर ती देणगी की कर्ज, हेही तुम्हीच ठरवा.

आता उरला चाचांच्या 2,00,000 रुपयांचा प्रश्न. 1,80,000 त्यातूनच काढले, तर हाती 20,000 राहतात. त्यांचा घरखर्च महिना 18,000 रुपये. भर पावसाळ्यात कोणी आजारी पडले, तर त्यांना त्याच बँकेच्या दारात उभे राहावे लागेल, आणि तेही अधिक लाचार होऊन. बचतीचा तळ खरवडणे हा तवक्कुल नव्हे. सही बुखारीत नोंद आहे, की पैगंबर (स.) बनू नझीरच्या बागांच्या उत्पन्नातून आपल्या कुटुंबासाठी वर्षाचे धान्य राखून ठेवीत. म्हणून आम्ही ठरवले, की 1,50,000 रुपये बचतीतून घ्यावेत आणि 50,000 रुपये, म्हणजे जवळपास तीन महिन्यांचा खर्च, तसेच ठेवावेत. तूट राहिली 30,000 रुपयांची.

ही तूट म्हणजे कर्ज-ए-हसनाची जागा. बिनव्याजी उसनवारी मागण्याची आपल्याला लाज वाटते. बँकेच्या अर्जावर सही करताना वाटत नाही. वास्तविक पैगंबर (स.) या जगातून गेले, तेव्हा त्यांचे चिलखत घरच्यांसाठी घेतलेल्या जवांच्या बदल्यात एका यहुदी गृहस्थाकडे गहाण होते. गरजेपोटी उसने घेण्यात कमीपणा नाही. मात्र तेच पैगंबर (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत, आणि त्याचे कारणही त्यांनी सांगितले : कर्जात बुडालेला माणूस बोलताना खोटे बोलू लागतो आणि दिलेले वचन मोडू लागतो. म्हणून उसनवारी लहान असावी, फेडण्याची वाट आधी दिसत असावी, आणि सूरह बकरहच्या 282व्या आयतीने शिकवल्याप्रमाणे ती लिहून ठेवावी. नातेवाइकांतली असली तरी.

दुसऱ्या दिवशी माउलींनी निरोप पाठवला. त्यांनी 30,000 रुपये द्यायचे ठरवले होते, देणगी म्हणून नव्हे तर कर्ज म्हणून. "माझ्या हजचे आहेत, परत हवेत," असा तो निरोप होता. मला तो ऐकून आनंद झाला. ज्या घरात पत्नी असे म्हणू शकते, तेथे तिचा होकार खरा असतो. नातवाच्या शाळेच्या वहीतील एका पानावर लिहिले गेले : दरमहा 2,500 रुपये, बारा महिने. खाली दोघांच्या सह्या, आणि साक्षीला मुलगा व सून. वर्षभर 6,152 रुपयांपैकी 2,500 पत्नीच्या कर्जाला जातील, उरलेले बचतीत. पुढे सगळेच बचतीत. दोन्ही मिळून तीच तीस महिन्यांची वाट.

येथे आपल्यापैकी काही जण विचारतील, की ज्यांच्या खात्यात काहीच नाही त्यांनी काय करावे? हा प्रश्न रास्त आहे. 'व्याज हराम' एवढे सांगून अशा माणसाला परत पाठवणे म्हणजे त्याला एकटे सोडणे होय. त्याने आधी काम अगदी निकडीपुरते आणावे. प्रसंगी त्या खोलीचा वापर थांबवून आढ्याला लाकडी टेकू द्यावेत आणि कुटुंबाला दुसऱ्या खोलीत हलवावे. आप्तांकडे, जमातीच्या निधीकडे, मालकाकडे आगाऊ पगाराची मागणी करावी. लाकूड व कौलांचा व्यापारी उधारीवर माल देत असेल आणि रोखीपेक्षा थोडी जास्त किंमत सांगत असेल, तर बहुसंख्य फकीहांच्या मते ते जायज आहे. अट अशी, की किंमत सौद्याच्या वेळीच एक ठरावी आणि हप्ता लांबला म्हणून ती वाढू नये. आणि तो जकातीस पात्र असेल, तर जकात त्याच्यापर्यंत नेणे हे शेजाऱ्यांचे काम आहे.

हे सर्व दरवाजे ठोठावूनही बंद राहिले आणि छप्पर खरोखरच लेकरांवर येऊ पाहत असेल, तर इब्ने नुजैम यांच्यासारख्या हनफी फकीहांनी अगदी गरजू माणसासाठी ठेवलेल्या सवलतीचा विचार होऊ शकतो. पण तो निर्णय माणसाने स्वतःचा स्वतः करू नये. आपली परिस्थिती जशी आहे तशी एखाद्या विश्वासू मुफ्तींपुढे मांडावी. आणि ही सवलत, खात्यात स्वतःचे दोन लाख असताना 'ते दुसऱ्या कामाचे आहेत' असे म्हणणाऱ्यासाठी नाही, हे तर उघड आहे. पैशाला आपण दिलेले नाव बदलता येते. व्याजाचे नाव 'सोयीचा हप्ता' असे ठेवले, तरी त्याचा हुकूम बदलत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस कौले पुन्हा चढली. जुने आढे उतरवताना ते मधूनच मोडले. पडवीला शेड नाही, फरशी जुनीच आहे, आणि पासबुकात आता तीन मालकांचे तीन आकडे पेन्सिलीने वेगळे लिहिलेले आहेत. हजला त्यांना अजून अवधी आहे. आज एका माणसाला तीन लाखांहून अधिक लागतात, म्हणजे दोघांचे सामर्थ्य पूर्वीही पुरते झालेले नव्हते. माउलींनी मला विचारले, "मधल्या काळात आमचे काही बरेवाईट झाले तर?" मी त्यांना एवढेच सांगितले, की ज्याच्यावर हज अजून फर्ज झालेला नाही, त्याला तो राहून गेल्याचा जाब विचारला जाणार नाही, आणि नियत अल्लाहला ठाऊक आहे.

आपल्या घरातही आज रात्री पासबुक उघडून पाहा. त्यात कोणाकोणाचा पैसा आहे, हे संकट येण्याआधीच लिहून ठेवा. अल्लाह आपल्या छपरांचे रक्षण करो, आपल्याला हलालवर समाधानी ठेवो, आणि ज्यांनी त्याच्या घराची आस धरली आहे त्यांना ते घर दाखवो. आमीन.